प्रकाशसंश्लेषणाचा पाठ आणि पाच ‘ई’ : एक आढावा

उज्जैनच्या रामघाटावर पाण्याखालच्या पायऱ्यांना हिरवं, बुळबुळीत शेवाळ चिकटलेलं असतं. ऊन चढलं की त्या थरात बारीक बुडबुडे अडकलेले दिसू लागतात आणि भर दुपारी शेवाळाचा एखादा पापुद्रा पायरीपासून सुटून पाण्यावर तरंगायला लागतो. तोच थर पहाटे पाहिला तर दगडाला घट्ट चिकटलेला असतो. स्नानाला येणारे पाय जपून टाकतात, एवढाच त्यांचा या शेवाळाशी संबंध. विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र इथे एक तयार प्रश्न मिळतो : हे बुडबुडे दुपारीच का?

या प्रश्नापासून प्रकाशसंश्लेषणाचा पाठ सुरू करावा, मुलांना आधी स्वतः पाहू द्यावं, करू द्यावं आणि व्याख्या व समीकरण नंतर द्यावं, असं ‘पाच ई’ नावाची पाठनियोजनाची पद्धत सांगते. बी.एड., डी.एड.च्या टाचणवह्यांत या पद्धतीने चांगलं बस्तान बसवलं आहे. तरी ‘प्रकाशसंश्लेषणासारखा विषय असा शिकवता येतो का, आणि शिकवावा का?’ यावर शिक्षकांत आणि अभ्यासकांत एकमत नाही. ही पद्धत आली कुठून, हा विषय तिला कुठे साथ देतो आणि कुठे अडतो, तिच्या बाजूने आणि विरोधात काय म्हटलं जातं, आणि कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, याचा हा आढावा आहे.

पंचपदीपासून पाच ‘ई’पर्यंत

मराठी शिक्षकाला पाठाच्या पाच पायऱ्या नव्या नाहीत. जर्मन विचारवंत हर्बार्ट याने अध्ययनाच्या चार अवस्था मांडल्या होत्या. त्याच्या अनुयायांनी त्यांच्या पाच पायऱ्या केल्या आणि ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून त्या आपल्या अध्यापक विद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या : पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. या क्रमात नवं ज्ञान शिक्षक मांडतो. मुलांच्या आधीच्या माहितीला हात घालायचा, तो त्या मांडणीसाठी जमीन तयार करायला.

१९६२ मध्ये अमेरिकेत मायरन अ‍ॅटकिन आणि रॉबर्ट कार्प्लस यांनी हा क्रम उलटा करून पाहिला. कार्प्लस मुळात भौतिकशास्त्रज्ञ होते आणि प्राथमिक शाळांसाठी विज्ञानाचा अभ्यासक्रम तयार करत होते. मुलांनी आधी वस्तू हाताळावी, मग शिक्षकाने संकल्पना ओळखीची करून द्यावी आणि त्यानंतर मुलांनी ती दुसऱ्या प्रसंगात वापरून पाहावी, असं तीन टप्प्यांचं ‘अध्ययनचक्र’ त्यांनी सुचवलं. त्यातला मधला टप्पा शिक्षकाचाच होता. संकल्पना मुलं आपली आपण शोधून काढतील, असा कार्प्लस यांचा दावा कधीच नव्हता. पुढच्या वादात ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड झाली.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉजर बायबी आणि बीएससीएस या जीवशास्त्राचे अभ्यासक्रम तयार करणाऱ्या अमेरिकी संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी या चक्राला सुरुवातीला एक आणि शेवटी एक पायरी जोडली. अशा रीतीने एंगेज, एक्सप्लोर, एक्सप्लेन, इलॅबोरेट आणि इव्हॅल्युएट या पाच पायऱ्या झाल्या. मराठीत त्यांना उत्सुकता, शोध, स्पष्टीकरण, विस्तार आणि मूल्यमापन म्हणता येईल. २००३ मध्ये आर्थर आयझेनक्राफ्ट यांनी त्यात भर घालून ‘सात ई’ केले, पण शाळांत रुळले ते पाचच.

आपल्याकडे याच विचाराची स्वतंत्र वाट मध्य प्रदेशातच निघाली. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो उज्जैनसह मालव्यातल्या इतर जिल्ह्यांतही नेला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत व्याख्या आधी छापलेली नसे. प्रयोगाची कृती, प्रश्न आणि निरीक्षण लिहायला मोकळी जागा असे. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. पाच ‘ई’चं नावही न घेता त्यातल्या शोधाच्या पायरीवर तीस वर्षं काम झालेला हा भाग आहे, त्यामुळे रामघाटावर पाठ मांडताना आपण पाटी कोरी धरू शकत नाही.

महाराष्ट्रात ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर शिक्षक-प्रशिक्षणात घरचा झाला, आणि त्याच्यासोबत पाच ‘ई’चे रकाने टाचणवहीत आले.

विषय अवघड का आहे

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण पाठ करायला मुलांना त्रास होत नाही. त्रास होतो तो त्यावर विश्वास ठेवायला. झाड अन्न मातीतून घेतं, ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते, आणि ‘झाडाला खत म्हणजे जेवण’ असं घरोघरी बोललं जात असल्याने ती आपल्याकडे अधिकच पक्की असते. दुसरी समजूत अशी की झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि फक्त रात्रीच श्वसन करतात. तिसरी समजूत आपल्या भागाची खास आहे : पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो. घाटांवर आणि देवळांच्या पारांवर पिंपळ-वड असणाऱ्या उज्जैनसारख्या गावात हे विधान लहानपणापासून कानावर पडतं.

या समजुती परीक्षेत दिसत नाहीत, कारण परीक्षा समीकरण विचारते. १९९७च्या ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ या अमेरिकी माहितीपटात नामांकित विद्यापीठांच्या पदवीधरांच्या हातात लाकडाचा ओंडका दिला आणि विचारलं, एवढं वजन आलं कुठून? समीकरण येणारी ती माणसं माती आणि पाणी यांची नावं घेत राहिली. हवेतल्या वायूपासून लाकूड बनतं, हे त्यांना पटेना.

ही अडचण विज्ञानाच्या इतिहासातही दिसते. व्हॅन हेलमाँटने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं आणि माती जेमतेम दोन औंस घटली. १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने मातीचा दावा निकालात काढला. हेलमाँटने मात्र निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. त्याच्या तराजूत हवा नव्हतीच. नीट मोजणाऱ्या माणसालाही डोळ्यांसमोरच्या आकड्यांतून अर्धं उत्तरच मिळालं. बाकीचं अर्धं मिळायला प्रीस्टली, इंजेनहाउझ, सेनेबिए आणि द सोश्यूर यांची १८०४ पर्यंतची कामं लागली. पाच ‘ई’वरच्या बहुतेक वादांचं मूळ याच गोष्टीत आहे : पाहणं आणि मोजणं या विषयात मुलाला कुठवर नेऊ शकतं?

एक पाठ मांडून पाहू

वाद नीट समजायला पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते पाहायला हवं. घाटाजवळच्या एखाद्या शाळेतली सातवी ते दहावीची मुलं गृहीत धरू. घटक सहा तासिकांचा आहे, सोमवार ते शनिवार. सहा दिवसच का, याचं उत्तर पानाच्या जीवशास्त्रात आहे, आणि ते पुढे येईल.

सोमवारी उत्सुकतेची पायरी. वर्ग घाटाच्या कोरड्या पायऱ्यांवर थांबतो, कारण शेवाळावर पाय टाकायचा नाही. मुलं बुडबुडे पाहतात आणि दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहितात : हा वायू कुठून आला, आणि पहाटे काय दिसेल? शिक्षक कुठलंही उत्तर बरोबर किंवा चूक म्हणत नाही. ऊन लागून पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. एखादं मूल हे म्हणालंच तर ते फळ्यावर लिहून ठेवायचं, कारण ती खरोखरची पर्यायी शक्यता आहे. त्याच दिवशी शाळेत जास्वंदीची कुंडी अंधाऱ्या खोलीत जाते.

मंगळवारी आणि बुधवारी शोध. पालकाच्या ताज्या पानांतून, शिरा टाळून, कागदाला भोकं पाडायच्या पंचने चकत्या काढतात. २०० मिलिलिटर पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा आणि धुण्याच्या साबणाच्या द्रावणाचा एक थेंब टाकतात. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये दहा चकत्या आणि थोडं द्रावण घेतात. टोकावर बोट दाबून दट्ट्या मागे ओढला की चकत्यांमधली हवा निघून जाते, तिची जागा द्रावण घेतं आणि चकत्या बुडतात. त्या पेल्यात ओतून पेला उन्हात ठेवला की साधारण दहा ते वीस मिनिटांत त्या एकेक करून वर यायला लागतात. दहापैकी पाच चकत्या वर यायला किती वेळ लागला, हा गटाचा आकडा.

प्रत्येक गटाकडे आणखी दोन पेले असतात. एकात सोडा नसलेलं पाणी, आणि एक काळ्या कापडाखाली. सोमवारच्या ‘पाणी तापल्यामुळे’ या शक्यतेचा निकाल इथे लागतो. सोडा नसलेला पेलाही तेवढाच तापलेला असतो, तरी त्यातल्या चकत्या बहुतेक खालीच राहतात. बुधवारी वर आलेल्या चकत्यांचा पेला कापडाने झाकून ठेवला की काही वेळाने चकत्या परत बुडू लागतात, कारण अंधारातही पान श्वसन करत असतं आणि साठलेला ऑक्सिजन वापरला जातो.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक दोन कारणांनी. चकत्या बुडतच नसतील तर त्यांत हवा राहिलेली असते, आणि दट्ट्या आणखी दोन-तीनदा ओढावा लागतो. सगळीकडे फेस झाला तर साबण जास्त पडलेला असतो.

गुरुवार स्टार्चचा, आणि आठवड्याचं गणित याच दिवसावर बसतं. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या कृतीत झाड तीन दिवस अंधारात ठेवून मग सुमारे सहा तास उन्हात ठेवायला सांगितलं आहे. पानात आधी साठलेला स्टार्च संपल्याशिवाय नवा स्टार्च ओळखता येत नाही, हे त्यामागचं कारण. सोमवारी अंधारात गेलेली कुंडी गुरुवारी सकाळी बाहेर काढायची. एका पानाच्या दोन्ही बाजूंना काळ्या कागदाची पट्टी चिमट्याने लावायची. दुसरं एक पान तेव्हाच तोडून तपासायचं. आयोडीन टाकल्यावर ते पान पिवळट-तपकिरी राहिलं तर स्टार्च संपला आहे. निळं-काळं झालं तर दुपारच्या प्रयोगाला अर्थ नाही, आणि तो पुढे ढकलायचा. हे सकाळचं पान वर्गांत सर्रास गाळलं जातं. मग पट्टीखालचा भागही काळा पडतो, आणि मुलांना खोटा निष्कर्ष तरी पटवून द्यावा लागतो किंवा ‘प्रयोग चुकला’ म्हणून सोडून द्यावा लागतो.

दुपारी पट्टी लावलेलं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवतात. मग परीक्षानळीत स्पिरिट घेऊन त्यात पान टाकतात आणि ती नळी गरम पाण्याच्या भांड्यात धरतात. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही गरम करायचं नाही. पाणी उकळून घ्यायचं, ज्योत विझवायची आणि मगच नळी आत ठेवायची. हे काम शिक्षकाचं. हरितद्रव्य निघून गेलं की पान पांढुरकं आणि कडक होतं. कोमट पाण्यात बुडवून ते मऊ करून त्यावर आयोडीन टाकलं की उन्हातला भाग निळा-काळा होतो आणि पट्टीखालचा तसाच राहतो.

शुक्रवारी स्पष्टीकरण. मुलांच्या वहीत आता दोन निरीक्षणं आहेत : उजेडात पानातून वायू निघतो, आणि उजेडात पानात स्टार्च तयार होतो. ही दोन निरीक्षणं एकाच प्रक्रियेची आहेत, हे यातून आपोआप निघत नाही. चकत्यांचा वायू ऑक्सिजनच आहे, हेही प्रयोगाने दाखवलेलं नाही. म्हणून शिक्षक आधी हेलमाँटचे आकडे फळ्यावर लिहितो आणि वजन कुठून आलं ते विचारतो. बहुतेक मुलं हेलमाँटसारखंच पाणी म्हणतात. मग सोड्याच्या पेल्याकडे बोट दाखवायचं : तिथे काय जास्त होतं? कार्बन डायऑक्साइडचं नाव या टप्प्यावर येतं, आणि समीकरण त्यानंतर. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा असतो, कार्बन डायऑक्साइडचा नसतो, हे मात्र सरळ सांगावंच लागतं. ते सिद्ध करायला रूबेन, केमेन आणि सहकाऱ्यांना १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरावा लागला होता.

शनिवारी विस्तार आणि मूल्यमापन. विस्तारासाठी पुन्हा नदीचं पाणी. शेवाळ दाट असलेल्या संथ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दुपारी सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी का असतो, याचा आलेख मुलं अंदाजाने काढतात. त्यासाठी प्रकाशसंश्लेषण दिवसा आणि श्वसन चोवीस तास, हे दोन्ही धरावं लागतं. मूल्यमापनासाठी दोन प्रश्न : ओंडक्याचं वजन कुठून आलं, आणि ‘पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो’ या विधानाबद्दल बुडणाऱ्या चकत्या काय सांगतात? काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, हे खरं आहे. पण उजेड नसताना कुठलंही झाड ऑक्सिजन सोडत नाही.

मतं आणि मतभेद

पहिला मतप्रवाह पाच ‘ई’चा पुरस्कार करणाऱ्यांचा. त्यांच्या मते या पद्धतीचं बळ क्रमात आहे. मुलाने आधी अंदाज लिहिला, मग तो मोडताना पाहिला, तरच स्पष्टीकरणाला पकडायला जागा मिळते. प्रकाशसंश्लेषणावरच झालेला एक अभ्यास ते पुढे करतात. तुर्कस्तानात बाल्जी, चाकिरोग्लू आणि तेक्काया यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात आठवीचे तीन वर्ग होते. एका वर्गाला पाच ‘ई’ने शिकवलं. दुसऱ्याला ‘संकल्पना-बदलाचे उतारे’ दिले, म्हणजे चुकीची समजूत उघड मांडून ती का चुकते हे सांगणारा मजकूर. तिसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने शिकवलं. पहिले दोन्ही वर्ग तिसऱ्याच्या पुढे गेले.

दुसरा मतप्रवाह स्पष्ट अध्यापनाचा. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांच्या २००६च्या बहुचर्चित लेखात म्हटलं होतं की नवशिक्याची कार्यकारी स्मृती तोकडी असते. किमान मार्गदर्शनात ती शोधाशोधीतच खर्ची पडते आणि शिकणं मागे पडतं. प्रकाशसंश्लेषणाबाबत हा आक्षेप आणखी नेमका होतो. न दिसणारे वायू, न दिसणारा स्टार्च आणि चार-पाच वेगवेगळे चल, हे सगळं एकदम हाताळणारं मूल पंचचा आवाज आणि बुडबुडे लक्षात ठेवतं, रसायन विसरतं. तुर्की अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग ते दाखवतात : पाच ‘ई’चा वर्ग आणि उतारे वाचलेला वर्ग, यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. मग आठवडाभराचा खटाटोप कशासाठी, असं ते विचारतात.

या लेखाला २००७ मध्ये मेलो-सिल्व्हर, डंकन आणि चिन यांनी उत्तर दिलं. शोधावर आधारलेलं शिक्षण म्हणजे मार्गदर्शनाचा अभाव असं धरणंच चुकीचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. वर मांडलेल्या पाठात शिक्षक पेले, प्रमाण, नियंत्रक आणि प्रश्न आधीच ठरवतो. मुलाच्या हातात अंदाज आणि निरीक्षण एवढंच मोकळं असतं. याला ‘किमान मार्गदर्शन’ म्हणणं कठीण आहे.

तिसरं मत वर्गातल्या शिक्षकांचं. ते लेखांत कमी आणि शिक्षकांच्या खोलीत जास्त ऐकू येतं. तासिका ३५ ते ४० मिनिटांची, पटावर पन्नासच्या वर मुलं, स्पिरिट आणायला मंजुरी लागते आणि अधिकारी आले की टाचणवहीत पाचही रकाने भरलेले दिसले पाहिजेत. परिणामी पाचही पायऱ्या एकाच तासिकेत बसवल्या जातात. पाच मिनिटं उत्सुकता, दहा मिनिटं ‘शोध’ म्हणजे शिक्षकाने दाखवलेला प्रयोग, आणि पुढे फळ्यावर नेहमीचंच स्पष्टीकरण. या शिक्षकांचा आक्षेप विचाराला नाही, रकान्यांना आहे. जुन्या पंचपदीला नवी नावं मिळाली, असं ते म्हणतात.

या आक्षेपाला बायबींच्याच लेखनात दुजोरा आहे. पाच पायऱ्या दोन ते तीन आठवड्यांच्या घटकासाठी आहेत, प्रत्येक पायरीला एक किंवा अधिक पाठ लागू शकतात, आणि सगळ्या पायऱ्या एका पाठात कोंबल्या तर त्यांचा परिणाम ओसरतो, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. प्रकाशसंश्लेषणात तर हा सल्ल्याचा प्रश्न उरतच नाही. जास्वंदीचं पान ३५ मिनिटांत स्टार्चमुक्त होत नाही. एका तासिकेत उरकलेल्या पाठातला स्टार्चचा प्रयोग एक तर आदल्या दिवसांत मुलांच्या नजरेआड तयार केलेला असतो, किंवा झालेलाच नसतो.

अनिर्णित काय आहे

पहिला उघडा प्रश्न असा : पाच ‘ई’ने मिळणारा फायदा कशामुळे मिळतो? तुर्की अभ्यासात दोन वेगवेगळ्या पद्धतींना सारखं यश मिळालं, आणि त्यांत सामायिक गोष्ट एकच होती. दोन्हींनी मुलाच्या चुकीच्या समजुतीला नाव घेऊन हात घातला. मग खरं काम पाच पायऱ्यांचा क्रम करतो की समजुतीशी झालेली ही गाठ? प्रयोग आणि उतारे यांची सांगड घालून दोन्ही वेगवेगळे तपासल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. असे बहुतेक अभ्यास घटक संपल्यावर लगेच चाचणी घेतात. ओंडक्याच्या प्रश्नावर अडखळलेले पदवीधर पाहिले तर खरी कसोटी काही वर्षांनंतर लागते, हे उघड आहे. सातवीत हा पाठ असा शिकलेलं मूल दहावीत काय उत्तर देतं, हे आपल्याकडच्या शाळांतून पद्धतशीर तपासलं जायला हवं. सातवीला आणि दहावीला तोच विषय पुन्हा येत असल्याने ही तपासणी सोयीचीही आहे.

तिसरा प्रश्न स्पष्टीकरणाच्या पायरीचा. या विषयात मुलांच्या निरीक्षणांतून जे निघतं आणि शिक्षकाला सांगावंच लागतं, त्यांच्यामधली रेघ कुठे ओढायची? ऑक्सिजन पाण्याचा असतो, हे सांगावं लागतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. कार्बन डायऑक्साइड हवेतून येतो, हे सोड्याच्या पेल्यावरून मुलांनी सुचवावं की शिक्षकाने सांगावं, इथे मतं फुटतात. होशंगाबाद कार्यक्रमाच्या धर्तीवरचा शिक्षक इथे थांबेल आणि मुलांना आणखी एक प्रयोग देईल. स्पष्ट अध्यापनवाला इथेच सरळ सांगून मोकळा होईल. दोघांपैकी कुणाची मुलं तीन वर्षांनी पुढे असतात, याचा निवाडा अजून झालेला नाही.

सध्याची स्थिती

एवढ्या मतांमधून काही गोष्टी मात्र आज पक्क्या म्हणता येतात. प्रकाशसंश्लेषणासाठी पाच ‘ई’ वापरायचे असतील तर ते घटकाच्या नियोजनात वापरावेत, तासिकेच्या नाही. घटकाची लांबी पानातला स्टार्च संपायला लागणाऱ्या दिवसांवरून ठरवावी आणि कुंडी अंधारात ठेवण्याची नोंद टाचणात पहिल्या दिवशीच करावी. आधी अंदाज आणि निरीक्षण, मग स्पष्टीकरण, हा क्रम या विषयात फळतो. पण स्पष्टीकरण गाळलं तर मूल हेलमाँटपाशी थांबतं. आणि मूल्यमापनात समीकरण विचारण्याऐवजी ओंडक्याचं वजन विचारावं, म्हणजे पद्धत कुठलीही असो, ती चालली की नाही ते शिक्षकाला त्याच दिवशी कळेल.

पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापकांनाही इथे एक काम आहे. प्रकाशसंश्लेषणाच्या टाचणात एकाच तासिकेखाली पाचही रकाने भरलेले दिसले तर त्यावर बरोबरची खूण करण्याआधी विचारावं : कुंडी अंधारात कधी ठेवली होती?